पाणी निथळायची दहा मिनिटं

दीपमालाच्या नजरेतून काही सुटायचं नाही, असं अंबडच्या त्या शेडमधली माणसं म्हणायची. खरं सांगायचं तर ती स्वतःही तसंच म्हणायची, आणि जरा जास्तच म्हणायची. मखमलाबादच्या माळ्याची पोर. बापाचा भाजीपाला आणि झेंडूचा मळा, घरात डिप्लोमा झालेली ती पहिली. लग्न होऊन इंदिरानगरला आली आणि रोज सकाळी लुनावरून अंबडच्या एमआयडीसीत जाऊ लागली. तिथे ललितसाहेबांचा कंट्रोल पॅनल बनवायचा छोटासा कारखाना होता. पॅनल म्हणजे एक लोखंडी कपाट. आत वायरींचं जंजाळ आणि मधोमध पीएलसी नावाचा वीतभर डबा. यंत्राने कधी काय करायचं ते हा डबा ठरवतो. त्याच्यात भरायचा प्रोग्रॅम जीवन नावाचा इंजिनिअर लिहायचा. आणि तो प्रोग्रॅम गिऱ्हाइकाशी ठरलेल्या फ्लोचार्टप्रमाणेच चालतो का, हे तपासायचं काम दीपमालाचं.

तिची तपासणी म्हणजे बघण्यासारखी असायची. टेबलावर एका बाजूला फ्लोचार्ट, दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅमची छापील प्रत, हातात लाल पेन्सिल. फ्लोचार्टमधल्या साध्या चौकटी म्हणजे कामं आणि शंकरपाळ्यासारख्या तिरप्या चौकटी म्हणजे प्रश्न. प्रत्येक शंकरपाळ्यातून दोन बाण निघणार, एक ‘हो’चा, एक ‘नाही’चा. दीपमाला एकेका बाणावर बोट ठेवायची, तो प्रोग्रॅममध्ये नेमका कुठे आहे ते शोधायची, आणि सापडला की मगच टिक. 

“‘हो’चा बाण सगळेच बघतात रे,” ती जीवनला सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. “‘नाही’चा कोण बघणार, तुझा काका? टाकीत पाणी नसेल तर बाण वर जातो, परत विचारायला. तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठे गेला? थेट पंपावर! कोरडाच फिरेल की पंप!”

जीवन बिचारा कान पाडून घ्यायचा. वायरमन गालात हसायचे. दीपमालाला त्यात गंमत वाटायची, हे खोटं कशाला बोला. 

कागदावर जुळलं की मग टेबलावर चाचणी. खऱ्या यंत्राच्या जागी एका फळीवर बटणं आणि दिवे. बटण दाबलं की डब्याला वाटायचं थर्मामीटरने खबर दिली, आणि दिवा लागला की समजायचं पंखा सुरू झाला. एक अडचण मात्र असायची. यंत्रात थांबायच्या वेळा मोठ्या असतात, इथे दहा मिनिटं थांब, तिथे सहा तास थांब. तेवढा वेळ दिव्यांकडे बघत कोण बसणार? म्हणून तिथली रीतच पडली होती की चाचणीपुरत्या त्या वेळा खाली आणायच्या. हातात मावेल असा एक प्रोग्रॅमर असायचा, कॅल्क्युलेटरच्या थोरल्या भावासारखा. तो डब्याला जोडायचा, दहा मिनिटांची पाच सेकंदं करायची, झटपट सगळे बाण फिरून बघायचे. आणि काम झालं की कॉम्प्युटरवरचा मूळ प्रोग्रॅम डब्यात पुन्हा नव्याने भरायचा. हा शेवटचा नियम खुद्द दीपमालाने घालून दिलेला. भिंतीवर तिच्याच अक्षरात चिकटवलेला होता.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागाईतदारांच्या एका सोसायटीने शीतगृह बांधलं होतं आणि त्याचं पॅनल ललितसाहेबांकडे आलं होतं. थंड खोलीत गारवा आणणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ साचतं. ते दर काही तासांनी वितळवावं लागतं. फ्लोचार्ट अगदी सरळ होता. थंड गॅस बंद, पंखे बंद, हीटर चालू. कॉइल गरम झाली का? हो, तर हीटर बंद. नाही, तर वीस मिनिटं होईपर्यंत वाट बघ आणि मग बंद. त्याच्या खाली एक साधी चौकट होती: दहा मिनिटं थांबा, पाणी निथळू द्या. आणि त्यानंतर गॅस आणि पंखे चालू. 

दीपमालाने कागदावर सगळं जुळवलं. फळीवरही सगळे दिवे बाणांच्या बरहुकूम लागले. तेवढ्यात दारात टेम्पो येऊन उभा. हंगाम तोंडावर आलेला, सोसायटीचे चेअरमन कोंडाजीअण्णा स्वतः टेम्पोत बसून आलेले आणि त्यांची घाई म्हणजे काय विचारता! “अहो ताई, द्राक्षं काय तुमच्यासाठी वेलीवर थांबणार हायेत का?” त्यात लाइट गेलेली, कॉम्प्युटर बंद. डब्याला बॅटरीवर चालू ठेवलं होतं. दीपमालाने विचार केला, बदललेल्या वेळा तर तीनच आहेत आणि त्या मीच बदलल्यात, हातानेच परत करते. केल्या. टेम्पो गेला. संध्याकाळी तिने छापील प्रतीवर सही ठोकून फाइल कपाटात ठेवली.

जागेवर पॅनल बसवायला जीवन गेला. थंडी झकास आली, अण्णांनी पेढे वाटले. बर्फ वितळताना बघत बसायला कोणी थांबलं नाही. 

फेब्रुवारीच्या शेवटी अण्णांचा फोन आला आणि फोनवर नुसती आग. परदेशी जायच्या द्राक्षांची खोकी कॉइलसमोरच्या रांगेत ओली झाली होती. पुठ्ठा लगदा होऊन बसलेला, आतल्या घडांवर बुरशी. ललितसाहेब दीपमालाला घेऊन गेले. फाइल तिच्या काखेत होती.

शीतगृह चालवायला सहादू नावाचा माणूस होता. चाळिशीचा, जवळच्याच वस्तीवरचा. आधी एका साखर कारखान्यात मदतनीस होता. पॅनलचा त्याला भारी अभिमान. दिवे तो फडक्याने पुसून ठेवायचा. फोनवर बोलणं व्हायचं तेव्हा दीपमाला त्याला सहादूभाऊ म्हणायची. त्या दिवशी मात्र अंगणात वीस-पंचवीस बागाईतदार जमलेले, अण्णा तापलेले, साहेबांचं तोंड पडलेलं. तिने जीपच्या बॉनेटवर फ्लोचार्ट पसरला आणि ‘भाऊ’ गळून पडलं.

“सहादू, इकडे ये. हे बघ. हीटर बंद झाला की बाण इथे येतो. दहा मिनिटं थांबायचं. मगच पंखा. प्रोग्रॅम मी स्वतः तपासलाय, रेघ न् रेघ जुळते. ओल्या कॉइलवर पंखा लागला तरच पाणी खोक्यांवर उडतं. आणि पॅनल तर तसं करूच शकत नाही. मग पंखा कोणी लावला?”

“म्या नाय लावला मॅडम.”

“पंख्याचं बटण हातावर कधीच घेत नाहीस तू?”

सहादू घुटमळला. “घेतो कधी कधी. पोरं माल लावायला आत असली, आन गरम झालं तर.”

“झालं तर!” दीपमाला सगळ्यांकडे वळून म्हणाली. “बघा, आता स्वतःच सांगतोय.”

“पर तवा बर्फ वितळत नव्हतं…”

“ते तुला कसं कळणार? तुला वाचता येतो का हा कागद?”

सहादूने कागदाकडे बघितलं, मग तिच्या लाल टिकांकडे, मग लोकांकडे. कोणीतरी मागून शिवी हासडली. त्याचा चेहरा असा झाला की जणू खरंच काही आठवतंय. 

“असंल मॅडम,” तो हळूच म्हणाला. “झालं असंल चुकून माझ्याकडनं.”

झालं! अण्णांनी तिथल्या तिथे त्याला कामावरून काढलं. साहेबांनी परतीच्या वाटेवर दीपमालाला चहा पाजला आणि म्हणाले, आज तू कंपनीची लाज राखलीस. तिला खूप बरं वाटलं. घरी जाऊन तिने नवऱ्याला सगळा प्रसंग साभिनय सांगितला, सहादूच्या आवाजासकट.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा ओली खोकी. आता सहादू नव्हता. नवा माणूस इतका भेदरलेला की पॅनलच्या जवळही जात नव्हता. या वेळी दीपमाला एकटीच गेली. जाताना वाटेत तिच्या डोक्यात असंख्य शंका. छतातून गळत असेल, दार उघडं राहत असेल, कॉइलखालच्या ताटाचा निचरा तुंबला असेल. तिने सगळं बघितलं. छत कोरडं, दार घट्ट, ताटातलं पाणी नीट वाहून जात होतं. मग ती फ्लोचार्ट घेऊन पॅनलसमोर उभी राहिली आणि बर्फ वितळायची वाट बघू लागली. पंख्याचं बटण हातावर नाही, ऑटोवर आहे, हे तिने दोनदा बघितलं.

गॅस बंद झाला. टिक. पंखे बंद. टिक. हीटर लागला. टिक. कॉइल गरम झाल्याचा दिवा लागला, हीटर विझला. तिने टिक मारायला मान खाली घातली, आणि मान वर करते तर काय, आत पंख्यांची घरघर सुरू झालेली! 

दहा मिनिटांची चौकट कुठे गेली? त्या आधीचं सगळं फ्लोचार्टसारखं, नंतरचंही फ्लोचार्टसारखं. वाट चुकली होती ती नेमकी त्या एका चौकटीत. पण छापील प्रतीत ती चौकट होती! तिने प्रत काढून पुन्हा वाचली. टायमर आहे, त्याच्यानंतरच पंखा आहे, आकडाही बरोबर, सहा हजार. हा डबा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतो, म्हणजे सहा हजाराची दहा मिनिटं. कागद पूर्ण खरा होता. आणि समोर पंखे फिरत होते.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की इतके दिवस आपण कागद कागदाशी जुळवत होतो. डब्यात काय आहे ते कोणी वाचलं होतं? तिने पिशवीतून प्रोग्रॅमर काढला, डब्याला जोडला, आणि आत साठवलेली एकेक ओळ पडद्यावर आणून छापील प्रतीशी ताडू लागली. पहिल्या ओळीपासून. ओळी जुळत होत्या. हा टायमर जुळला, तो टायमर जुळला. मग निथळायचा टायमर आला. कागदावर सहा हजार, डब्यात पन्नास. पाच सेकंदं.

माणसाचं मन बघा कसं असतं. तिच्या मनात पहिलं नाव आलं ते जीवनचं. कार्ट्याने इथे बसवताना काहीतरी छेडखानी केली असणार! आणि तो विचार पुरता व्हायच्या आत तिला तो दिवस दिसला. गेलेली लाइट, दारातला टेम्पो, आणि हाच प्रोग्रॅमर हातात धरलेली ती स्वतः. दोन वेळा परत केल्या होत्या. तिसरी करायच्या वेळी अण्णांनी खिडकीतून हाक मारली होती, “ताई, झालं का?” आणि ती म्हणाली होती, “झालंच!”

त्या थंड खोलीच्या दाराशी दीपमाला घामाघूम झाली. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं झालं तिला. आपण सगळ्या लोकांदेखत एका माणसाला विचारलं होतं, हा कागद तुला वाचता येतो का!

तिने पन्नासचे सहा हजार केले. पुढचं बर्फ वितळेपर्यंत थांबली. दहा मिनिटं कॉइलचं पाणी ताटात टपटप पडत राहिलं आणि मगच पंखे लागले. अण्णांनी विचारलं, “काय निघालं ताई?” तिच्या तोंडून गेलं, “जरा सेटिंग हललं होतं. आता नीट आहे.” ‘हललं होतं’! जणू काही उंदराने हलवलं. 

ललितसाहेबांना तिने खरं सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. “दुरुस्त झालं ना? मग तोंडातून ब्र काढू नकोस. त्या माणसाने स्वतः कबूल केलंय सगळ्यांसमोर. आपण कशाला विस्तव अंगावर घ्यायचा?” तिने मान हलवली. आणि खरी लाजिरवाणी गोष्ट ही, की तिला साहेबांनी गप्प बसायला सांगितलं याचं हायसं वाटलं. 

ती गप्प बसली. शेडमध्ये मात्र तिचा आवाज खाली आला. जीवनची चूक सापडली तर त्याच्या टेबलाशी जाऊन हळू आवाजात सांगू लागली. जीवन चक्रावला. “मॅडम, बरं नाहीये का तुम्हाला?” असं त्याने विचारलंसुद्धा. तिने कपाटातली ती फाइल खालच्या कप्प्यात, सगळ्यांच्या मागे सरकवून ठेवली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ती बापाबरोबर पंचवटीच्या मार्केट यार्डात झेंडू घेऊन गेली होती. गर्दी म्हणजे काय, पाय ठेवायला जागा नाही. समोरून एक हमाल डोक्यावर दोन क्रेट घेऊन येत होता. तिला बघून थांबला, क्रेट खाली उतरवले आणि त्याने हात जोडले. सहादू होता.

“मॅडम, नमस्कार. बरं झालं भेटल्या. म्हणलं कधी भेट झाली तर माफी मागायची.”

“कसली माफी?”

“माझ्यापायी तुमच्या कंपनीचं नाव खराब झालं ना. लय वाईट वाटलं बगा मला. म्या लय आठवून बगतो, कोणत्या दिशी बटण दाबलं ते. आठवत नाय. पर झालं असंल.” मग त्याने दीपमालाच्या बापाला रामराम घातला आणि वर म्हणाला, “तुमची पोर लय हुशार हाय, बाबा.”

आता बोलावं की नाही माणसाने? सहादूने क्रेट उचलले आणि तो गर्दीत गेलासुद्धा. बाप म्हणाला, “चांगला माणूस दिसतोय, कोण गं?” दीपमाला झेंडूच्या पाट्यांआड तोंड करून रडत होती. “अगं काय झालं?” मी त्याला देशोधडीला लावला आणि तो माझी माफी मागून गेला, हे बापाला कुठल्या तोंडाने सांगणार?

पाडव्याला घरी गुढी उभारली, श्रीखंड केलं, आणि तिने आपली वाटी तशीच बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी तिने फाइल घेतली, दिंडोरीची एसटी पकडली, पुढे जीप. सहादूच्या वस्तीवर पोचली तेव्हा तो ओट्यावर बसून खाटेचा दोर आवळत होता. बायको चिमणाबाई जात्याशेजारी डाळ पाखडत होती.

दीपमालाने फिरवून-फिरवून काही सांगितलं नाही, एवढं मात्र तिच्या पदरात टाकायला हवं. “सहादूभाऊ, पंखा तुम्ही लावला नव्हता. चूक माझी होती. पॅनल तपासताना दहा मिनिटांची मी पाच सेकंदं केली होती आणि परत करायची विसरले. पाणी निथळायच्या आत पंखा लागत होता, आपोआप. तुम्ही गेल्यावरही लागत होता. मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं. मी कोणाला सांगितलं नाही.”

सहादूचा हात दोरावर थांबला. बोलली ती चिमणाबाई, आणि तिने सूप खाली आदळलं.

“तीन आठवडं झालं? आन आज सांगाया आल्या व्हय! आवो बाई, हा मानूस रातीचा उठून बसतो. म्हनतो, चिमणे, मी लोकांची द्राक्षं कुजवली. बाजाराला जायला लाजतो. पोराच्या शाळंत जात नाय, तिथं अण्णांचा पुतण्या मास्तर हाय म्हनून. समदं फुकटच का मग?”

“हो,” दीपमाला म्हणाली. “सगळं फुकटच.”

“थांब गं,” सहादू म्हणाला. त्याच्या आवाजातला राग बायकोवर नव्हता, दीपमालावरही नव्हता, असं तिला वाटलं आणि तेच तिला जास्त लागलं. तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “मंग म्या हो कसा म्हणलो? म्या तर नव्हतंच केलं. तरी म्या हो म्हणलो.” त्याने तिच्याकडे बघितलं. “तुमी इतकं ठासून सांगत व्हत्या ना मॅडम. माझं मलाच खरं वाटंना.”

त्यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

“मी काय करू, भाऊ?”

“मला सांगून काय व्हनार? म्या केलं नाय, ते लोकांना कळाया पायजे.” तो पुन्हा दोर आवळू लागला. “जिथं लोकांपुढं बोलल्या व्हत्या, तिथंच बोला.”

सोसायटीची हंगामाअखेरची बैठक त्याच अंगणात भरली. ललितसाहेबांना तिने आधी सांगितलं. ते भडकले, म्हणाले, तू जाऊन कुऱ्हाडीवर पाय मार, आमचा का मारतेस. ती गेली. सहादू आला नाही. तिने तोच फ्लोचार्ट तसाच एका जीपच्या बॉनेटवर पसरला, त्याच बागाईतदारांसमोर. 

“या चौकटीत मी चुकले,” ती म्हणाली, आणि निथळायच्या चौकटीवर बोट ठेवलं. “कागद बरोबर होता. डब्यात दुसरंच होतं. मी डबा न वाचता कागदावर सही केली, आणि तुमच्यासमोर सहादूभाऊंना खोटं पाडलं. ते खरं बोलत होते.”

मग एकजण म्हणाला, शिकलेल्यांचं असंच असतं. दुसरा म्हणाला, आमच्या मालाचं काय? तिसरा तिच्या बापाचं नाव विचारू लागला. चांगलीच सालं काढली तिची त्यांनी, आणि ती मान खाली घालून उभी राहिली. शेवटी अण्णा खाकरले. “आता तर नीट चालतंय ना ताई? मग झालं. सोडा विषय.”

“आणि सहादूभाऊ?”

अण्णांनी इकडे-तिकडे बघितलं. शिवी कोणी दिली होती, काढलं कोणी होतं, हे त्या अंगणात सगळ्यांनाच माहीत होतं. “बोलवा त्याला,” अण्णा पुटपुटले. “बोलवायला मीच जातो.”

सहादू परत कामावर आला. ललितसाहेबांनी दीपमालाशी बरेच दिवस बोलणं टाकलं, पण तिला काढलं नाही. त्यानंतर तिची तपासणी बदलली. पॅनल दाराबाहेर पडण्याआधी ती डब्यातला प्रोग्रॅम परत बाहेर काढायची, कॉम्प्युटरवरच्या मूळ प्रतीशी ताडायची, आणि जागेवर गेल्यावर प्रत्येक थांबा पुरता थांबून बघायची, मग सहा तास का लागेनात. शेडमधली पोरं म्हणायची, मॅडम घड्याळ लावून बसल्यात, जेवणाचा डबा आणून द्या.

पण सहादूचं काही तिला उलटं फिरवता आलं नाही. तो जो एकदा स्वतःवर शंका घ्यायला शिकला तो शिकलाच. शीतगृहात काही बिघडलं, अगदी विजेचा फ्यूज उडाला तरी, त्याचा फोन यायचा तो असा: “मॅडम, माझ्याकडनंच काय तरी झालं असंल.” ती सांगून थकली. पाच वर्षं तिने ते ऐकलं आणि प्रत्येक वेळी तिच्या काळजाला चरा पडला. प्रत्येक वेळी ती धावत जायची आणि दोष सापडायचा दुसऱ्याच कशात. सहादू मान डोलवायचा, पण त्याला पटलेलं नसायचं.

दोन हजार तीनच्या हंगामात असाच फोन आला. आता मोबाइलवर. हीटर फार वेळ चालतो, खोली गरम होते. “माझंच काय तरी असंल मॅडम.” ती गेली. डबा वाचला, कागदाशी ताडला, अक्षर न् अक्षर जुळलं. मग समोर उभी राहून एकेक चौकट बघितली. हीटर लागला. कॉइल गरम झाली का? डबा म्हणत होता, नाही. पुन्हा नाही. वीस मिनिटं भरली आणि मग हीटर विझला. प्रत्येक फेरीत तेच. प्रोग्रॅम आपल्या बाणानेच चालला होता, पण त्या शंकरपाळ्याला उत्तरच चुकीचं मिळत होतं. ती आत गेली, बॅटरी मारून बघितलं. कॉइलची उष्णता मोजणारी नळी, जी कॉइलच्या पत्र्याच्या पात्यांमध्ये खोचलेली असायला हवी, ती बाजूला भिंतीवर लोंबत होती. 

कोणीतरी कॉइल धुताना काढली होती आणि परत खोचायची विसरला होता. कॉइल कोण धुतं, ते तिला ठाऊक होतं. 

ती बाहेर आली. सहादू दारात उभा होता, आता केस पिकलेले. कसं सांगणार? या माणसाला एकदा चूक तुझीच म्हणून सांगून बसलेली ती. तिने विचार केला, आत जाऊन गुपचूप नळी खोचून टाकावी आणि सैल वायर होती म्हणून सांगावं. ती वळलीसुद्धा.

“मॅडम,” सहादू म्हणाला, “काय सापडलं? तोंड का पाडलंत?”

“काही नाही भाऊ.”

“आसं नगा करू. खरं काय हाय ते सांगा.”

दीपमालाने डोळे मिटून सांगून टाकलं. “कॉइलची नळी बाहेर लोंबतेय. धुताना काढली होती ती परत खोचलेली नाही.”

सहादूने कपाळावर हात मारून घेतला. “आयला! सोमवारी म्याच धुतली. म्याच काढून ठेवली, आन च्या प्यायला गेलो!” आणि तो हसायला लागला. इतक्या वर्षांत तिने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आत जाऊन त्याने नळी आपल्या हाताने पात्यांत खोचली, बाहेर आला, हात पुसले.

“ही माझी,” तो म्हणाला. “ही चूक खरी माझी हाय. आठवतंय मला.”